पर्याय ११९, १२१, १२३, १२७ : सूत्र लावायचं की पदं लिहून काढायची?

भंडारा : पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. हिशोब केला तर एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. मराठी व्याकरणाचा किंवा सामान्य ज्ञानाचा प्रश्न दहा-पंधरा सेकंदांत सुटतो, म्हणून अंकगणित आणि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना मिनिट-सव्वा मिनिट मिळू शकतं. त्याच्यापेक्षा जास्त नाही.

या मिनिटभरात श्रेढीचा प्रश्न समोर येतो आणि चारही पर्याय एकमेकांना चिकटलेले असतात. पर्याय १००, २००, ३००, ४०० असे दूरदूर असते तर अंदाजानेही काम भागलं असतं. पण ११९, १२१, १२३, १२७ असे असले की अंदाज चालत नाही. मग साकोलीपासून पवनीपर्यंत अभ्यासिकेत बसणारी पोरं दोन गटांत वाटली जातात. एक गट लगेच सूत्र लिहितो, दुसरा गट कच्च्या कामाच्या जागेत एकेक पद मांडत सुटतो. दोन्ही गटांचं उत्तर चुकू शकतं, आणि पेपर काढणाऱ्याला दोघांच्याही चुका आधीच माहीत असतात. त्या चुकांमधूनच तर तो पर्याय तयार करतो.

म्हणून गणित सोडवायच्या आधी पर्यायांकडे नीट बघायला शिका.

प्रश्न असा समजा : ७, ११, १५, १९, … या श्रेढीचं ३० वं पद कोणतं? पर्याय वर शीर्षकात दिलेलेच आहेत, ११९, १२१, १२३ आणि १२७.

दर पद ४ ने वाढतं, म्हणजे ही अंकगणिती श्रेढी आहे आणि सामान्य फरक ४ आहे. आता पर्याय बघा. ११९, १२३ आणि १२७ यांच्यातही ४ चाच फरक आहे. हा योगायोग नाही. ११९ हे २९ वं पद आहे, १२३ हे ३० वं आणि १२७ हे ३१ वं. म्हणजे तुम्ही मोजण्यात एकाने पुढे-मागे सरकता का, एवढंच विचारलेलं आहे. पर्यायांमधलं अंतर आणि श्रेढीतलं अंतर सारखं दिसलं की समजायचं, इथे बेरीज-गुणाकार अवघड नाही, ‘एक’ कुठे जातो ते सांभाळायचं आहे.

आणि १२१? तो या श्रेढीत येऊच शकत नाही. ७ ला ४ ने भागलं तर बाकी ३ उरते. ११ ला भागलं तरी ३, १५ ला भागलं तरी ३. दर वेळी ४ च मिळवतो, तर बाकी बदलणार कशी? १२१ ला ४ ने भागलं तर बाकी १ उरते. तो पर्याय पेन न उचलता कटला. ही बाकीची तपासणी पाच सेकंदांची आहे, पण ती फक्त श्रेढीबाहेरचे आकडे काढते. उरलेल्या तिघांतून एक निवडायला मोजावंच लागतं.

सूत्र दहावीच्या पुस्तकातलं आहे : a + (n − 1)d. इथे a म्हणजे पहिलं पद, d म्हणजे सामान्य फरक आणि n म्हणजे कितवं पद. आकडे घातले की ७ + २९ × ४, म्हणजे ७ + ११६, उत्तर १२३. ज्याने घाईत ३० × ४ केलं, त्याला १२७ मिळतं आणि ते पर्यायात हजर असल्यामुळे तो खुशीत गोळा काळा करून पुढे जातो.

हा ‘वजा एक’ का येतो ते एकदा डोक्यात बसलं की पाठांतराची गरज राहत नाही. शेताच्या कडेला तारेचं कुंपण घालताना ११ खांब उभे केले तर मधल्या जागा किती? दहा. खांब म्हणजे पदं, मधल्या जागा म्हणजे फरक. तिसाव्या खांबापर्यंत पोहोचायला एकोणतीसच उड्या लागतात, कारण पहिल्या खांबाजवळ तुम्ही आधीच उभे असता.

आता ज्यांना सूत्राचा भरवसा वाटत नाही त्यांनी काय तीस पदं लिहायची? नाही. तीस पदं लिहायला दीड मिनिट सहज जातं, आणि मध्ये एखादं पद निसटलं तर कळतही नाही. त्यांच्यासाठी मधली वाट आहे : दहा-दहाच्या उड्या मारा. दहा पावलं म्हणजे ४० ने वाढ. पहिलं पद ७, मग ११ वं पद ४७, २१ वं पद ८७, ३१ वं पद १२७. एक पाऊल मागे आलं की ३० वं पद १२३. चार आकडे लिहिले आणि काम झालं. एक सांभाळा : पहिल्यापासून दहा पावलं पुढे गेलं की अकरावं पद येतं, दहावं नाही. प्रत्येक आकड्याखाली तो कितवा आहे ते लिहूनच ठेवायचं. पदं लिहून काढणाऱ्यांची निम्मी गडबड इथेच होते. आकडे बरोबर असतात, पण मोजणी सुटते.

हीच ‘एक’ची भानगड उलट्या बाजूने येते तेव्हा जास्त पोरं फसतात. प्रश्न : २०० ते ५०० दरम्यान ७ ने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्या किती? पर्याय : ४१, ४२, ४३, ४४.

इथे लिहून काढण्याचा विचारही करू नका. पहिली संख्या २०३, शेवटची ४९७. दोघांत अंतर २९४ आणि २९४ ला ७ ने भागलं की ४२. पर्यायात ४२ आहे म्हणून तिथेच थांबलं की गेला एक गुण. ४२ या उड्या आहेत, खांब नाहीत. खांब एकाने जास्त, म्हणून उत्तर ४३. आधीच्या प्रश्नात पद दिलं होतं आणि उड्या काढायच्या होत्या, म्हणून एक वजा केला. इथे उड्या मिळाल्या आणि पदं काढायची आहेत, म्हणून एक मिळवला.

पडताळा घ्यायचा असेल तर दुसरी रीत आहे. ५०० पर्यंत ७ चे पट किती? ५०० ला ७ ने भागलं की ७१ वेळा भाग जातो. १९९ पर्यंत किती? २८. वजाबाकी ४३. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की निर्धास्त.

प्रश्नातला ‘दरम्यान’ हा शब्दही बघून घ्या. २०० आणि ५०० ला ७ ने भाग जात नाही, म्हणून इथे फरक पडला नाही. पण तोच प्रश्न ५ ने भाग जाणाऱ्या संख्यांचा असता, तर दोन्ही टोकं धरून ६१ येतात आणि दोन्ही टोकं सोडून ५९. ‘२०० पासून ५०० पर्यंत’ म्हटलं असेल तर टोकं धरायची. ‘२०० पेक्षा मोठ्या व ५०० पेक्षा लहान’ म्हटलं असेल तर सोडायची. असे प्रश्न दोनदा वाचायला लागणारे चार सेकंद वाया जात नाहीत.

बेरजेच्या प्रश्नात मात्र लिहून काढणारा आणि सूत्र लावणारा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. आपल्याकडच्या धानाच्या पोत्यांवरच घ्या. गोदामात थप्पी लावली आहे. सगळ्यात खालच्या थरात २५ पोती, त्याच्या वरच्या थरात २३, त्याच्या वर २१, असं करत सगळ्यात वर ५ पोती. एकूण पोती किती? पर्याय : १५०, १६०, १६५, १८०.

सूत्रवाल्याला आधी थर किती ते काढावं लागतं. २५ आणि ५ मध्ये अंतर २०, दर थराला २ कमी, म्हणजे उड्या १० आणि थर ११. सरासरी थर १५ पोत्यांचा, कारण (२५ + ५) ची निमपट १५. म्हणून ११ × १५ = १६५. ज्याने थर १० धरले, त्याचं उत्तर १५०. ज्याने १२ धरले, त्याचं १८०. दोन्ही आकडे पर्यायात तयार आहेत.

लिहून काढणाऱ्याने बेरीज सुरू केली : २५, ४८, ६९, ८८, १०५, १२०, १३३, १४४, १५३, १६०. इथवर दहा थर झाले. थकून, किंवा ‘झालं बहुतेक’ म्हणून तो इथेच थांबला तर त्याचं उत्तर १६०. तेही पर्यायात आहे! वरच्या ५ पोत्यांचा थर राहिला. म्हणजे चारपैकी दोन पर्याय सूत्रवाल्याच्या चुकीचे आणि एक लिहिणाऱ्याच्या चुकीचा.

अकरा थरांचा प्रश्न हा अगदी सीमेवरचा आहे. दोन्ही रीती चालतात. मला विचाराल तर इथे जोड्या लावणं सगळ्यात बरं. २५ आणि ५ मिळून ३०, २३ आणि ७ मिळून ३०, २१ आणि ९, १९ आणि ११, १७ आणि १३. पाच जोड्या म्हणजे १५०, आणि मधला १५ चा थर एकटा उरला. १६५. यात सूत्रही आहे आणि सगळे थर डोळ्यांसमोरही आहेत.

आणखी एक गंमत. प्रत्येक थर विषम संख्येचा आहे आणि थर अकरा, म्हणजे तेही विषम. विषम संख्या विषम वेळा मिळवल्या की बेरीज विषमच येते. चार पर्यायांत विषम आकडा एकच आहे. पेपर काढणाऱ्याचं इथे लक्ष नव्हतं असं म्हणा. दर वेळी इतकं सोपं होणार नाही, पण सम-विषम बघायला दोन सेकंद लागतात.

आता भूमिती श्रेढी. काही पुस्तकांत तिला गुणोत्तर श्रेढी म्हणतात. दर पदाला ठरावीक आकड्याने गुणत जायचं. इथे आपल्या भागातल्या बऱ्याच मुलामुलींची अडचण खरी आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढीचं प्रकरण आहे, पण भूमिती श्रेढी अकरावीच्या गणितात येते. बारावी कला शाखेतून केलेल्या, गणित न घेतलेल्या मुलीने हे सूत्र वर्गात कधी बघितलेलंच नसतं, आणि भरतीच्या पेपरात मात्र प्रश्न सगळ्यांना सारखाच. अशांनी सूत्राच्या मागे न लागता लिहून काढायला घाबरू नये, कारण भूमिती श्रेढीत लिहिणंच बहुतेक वेळा सोयीचं पडतं. आकडे इतक्या झपाट्याने वाढतात की परीक्षेत आठ-दहा पदांच्या पुढचं सहसा कोणी विचारत नाही.

उदाहरणार्थ, ३, ६, १२, २४, … या श्रेढीत १५३६ हे कितवं पद? पर्याय ९, १०, ११, १२. सूत्राने जायचं तर १५३६ ला ३ ने भागा, ५१२ येतात, ५१२ म्हणजे २ चा नववा घात, आणि त्यात एक मिळवून दहावं पद. ज्याला २ चे घात पाठ आहेत त्याला हे दहा सेकंदांचं आहे, फक्त शेवटचा ‘एक’ विसरायचा नाही. ज्याला पाठ नाहीत त्याने दुप्पट करत जावं : ३, ६, १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४, ७६८, १५३६. खाली बोटांनी मोजलं, दहा. वीस सेकंद लागले असतील, पण चूक व्हायला जागा नाही.

बेरीज विचारली तर मात्र एक छोटी युक्ती कामाची आहे. २ + ६ + १८ + … अशा पहिल्या ७ पदांची बेरीज किती? पर्याय : २१८४, २१८६, २१८७, २१८८.

पदं लिहा : २, ६, १८, ५४, १६२, ४८६, १४५८. सात झाली. आता सातही मिळवत बसण्याऐवजी आठवं पदसुद्धा लिहून टाका, ते ४३७४. या पुढच्या पदातून पहिलं पद वजा करा, ४३७२ आले. दर वेळी ३ ने गुणतोय, म्हणून ३ मधून १ वजा करून आलेल्या २ ने भागा. उत्तर २१८६.

हे असं का होतं? बेरजेला ३ ने गुणलं तर प्रत्येक पद आपल्या पुढच्या पदाच्या जागी सरकतं. ६ च्या जागी १८, १८ च्या जागी ५४, असं. तिप्पट बेरजेतून मूळ बेरीज वजा केली की मधली सगळी पदं एकमेकांना कापतात. शिल्लक राहतं नवीन आलेलं ४३७४ आणि जुनं पहिलं २. हे दोघांतलं अंतर म्हणजे बेरजेची दुप्पट. पुस्तकातलं सूत्रही हेच सांगतं, फक्त अक्षरांत. गुणायचा आकडा २ असेल तर भागायचीही गरज नाही, कारण २ मधून १ गेला की १ च उरतो. पहिल्या दिवशी १ रुपया, मग रोज दुप्पट, असे १० दिवस टाकले तर अकराव्या दिवशीचे १०२४ वजा १, म्हणजे एकूण १०२३ रुपये. १०२४ हा पर्याय तिथे नक्की असतो, आणि तो घाई करणाऱ्यासाठीच ठेवलेला असतो.

वरच्या प्रश्नात २१८७ आहे तोही तसाच. ३ चा सातवा घात २१८७. सूत्रातला ‘वजा एक’ विसरला की नेमका हा आकडा हातात येतो. पण सातही पदं सम आहेत, मग बेरीज विषम येईलच कशी? २१८७ कटला. पुढे जायचं असेल तर सगळ्यांना २ ने भागा : १, ३, ९, २७, … अशा सात विषम संख्या, त्यांची बेरीज विषम. पर्यायांची निमपट १०९२, १०९३, १०९४. विषम फक्त १०९३, म्हणजे २१८६.

भूमिती श्रेढीत शब्दांचा सापळा असतो. ‘सुरुवातीला ५ जीवाणू, दर तासाला दुप्पट, ८ तासांनंतर किती?’ इथे आठवं पद काढलं तर ६४० येतात आणि उत्तर चुकतं. सुरुवातीचे ५ हे पहिलं पद, एका तासानंतरचे १० हे दुसरं, म्हणजे ८ तासांनंतर नववं पद, १२८०. ‘नंतर’ असेल तर तास म्हणजे उड्या. ‘पहिल्या दिवशी’, ‘आठव्या दिवशी’ असं असेल तर दिवस म्हणजे खांब.

मग सूत्र कधी आणि लिहायचं कधी? माझा ठोकताळा असा : अंकगणिती श्रेढीत आठ-नऊ पदांपर्यंत लिहा, पंधराच्या पुढे सूत्र किंवा दहाच्या उड्या, आणि मधल्या भागात तुमचा हात ज्यात बसला आहे ते. भूमिती श्रेढीत गुणायचा आकडा २ किंवा ३ असेल तर दहा पदांपर्यंत लिहिणंच बरं. गुणायचा आकडा दीड किंवा दोन तृतीयांश असा अपूर्णांक असेल तर लिहिताना हमखास गडबड होते, तिथे सूत्राकडे वळा.

एका प्रकारात मात्र सूत्र लावूनही शेवट लिहूनच तपासावा. १००, ९३, ८६, … या श्रेढीतलं पहिलं ऋण पद कितवं? पर्याय १४, १५, १६, १७. सूत्राने गेलं की n हा १५.२८ पेक्षा मोठा हवा असं येतं. सवयीने पोरं १५.२८ चे १५ करतात. पण १५ वं पद काढून बघा : १०० − १४ × ७ = २. अजून शून्याच्या वरच आहे. पुढचं पद −५, ते १६ वं. उत्तरात अपूर्णांक आला की त्याच्या दोन्ही बाजूंची दोन पदं काढून बघायची, जवळचा पूर्णांक धरायचा नाही.

आणि सूत्र लावण्याआधी श्रेढी खरोखर त्याच जातीची आहे ना, हे किमान तीन पदांवर बघा. २, ६ एवढंच बघून कोणी ४ ची वाढ धरतो, कोणी तिप्पट धरतो, आणि पुढे १२, २० दिसतात. फरक ४, ६, ८ असे वाढत आहेत, म्हणजे ही ना अंकगणिती ना भूमिती. पुढचं पद ३० आणि त्यापुढचं ४२. अशा मालिकेत फरक लिहून काढत जाणं ही सरळ वाट आहे.

पोलीस भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून दोन पर्याय कटले आणि वेळ संपला तर उरलेल्या दोघांतला एक लावून मोकळं व्हा. एमपीएससीच्या पेपरात चुकीला एक चतुर्थांश गुण जातात, तिथे तो हिशोब वेगळा. दहावीची परीक्षा देणाऱ्यांनी ही लिहून काढण्याची रीत फक्त पर्यायी प्रश्नांपुरती ठेवावी. जिथे रीत दाखवायची असते तिथे सूत्र लिहून आकडे घातले तरच पायऱ्यांचे गुण मिळतात.

सरावासाठी तीन प्रश्न देतो. घड्याळ लावून सोडवा, प्रत्येकाला एक मिनिट.

१२, १९, २६, … चं ४१ वं पद : २८५, २९२, २९५, २९९.

१०० ते ३०० दरम्यान ९ ने भाग जाणाऱ्या संख्या : २१, २२, २३, २४.

४ + ८ + १६ + … पहिल्या ८ पदांची बेरीज : १०१६, १०२०, १०२२, १०२४.

उत्तरं अनुक्रमे २९२, २२ आणि १०२०. पहिल्यात २९९ आलं असेल तर तुम्ही ४१ ने गुणलं, दुसऱ्यात २१ आलं असेल तर उड्या मोजल्या, आणि तिसऱ्यात १०२४ आलं असेल तर पहिलं पद वजा करायचं राहिलं.